पालकांना पत्र: प्रगतिपत्रकातले ‘झरा, पर्वत, आकाश’ कसे समजावून सांगावे?

पऱ्हाटी
यवतमाळ जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. पहिल्या सत्राचं पत्रक दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांच्या हाती द्यायचं आहे. दुसरीसाठी आम्ही केंद्रातल्या काही शाळांनी मिळून तक्ता केला. प्रत्येक ओळीत एक क्षमता आणि तिच्यापुढे तीन रकाने. त्यांना राष्ट्रीय समग्र प्रगती पत्रकातलीच नावं ठेवली: झरा, पर्वत, आकाश. सोबत एका पानाचं पत्र जोडायचं आहे. माझा मसुदा असा सुरू होतो:

“आपल्या पाल्याचे मूल्यांकन क्षमताधिष्ठित निकषांनुसार तीन कार्यस्तरांवर करण्यात आले असून त्यातून पाल्याच्या सर्वांगीण विकासाचे प्रतिबिंब दिसून येते.”

वाचून माझंच समाधान होत नाही. वाचनाची ओळ खाली देते.

झरा: चित्र पाहून, बाईंच्या मदतीने ओळखीचे शब्द वाचतो.
पर्वत: आठ-दहा वाक्यांचा उतारा स्वतः, स्पष्ट उच्चारात वाचतो आणि सरळ प्रश्नांची उत्तरं देतो.
आकाश: नवीन उतारा ओघाने वाचतो, ‘का’ या प्रश्नाचं उत्तर देतो.

पत्रात काय ठेवू आणि काय काढू?

वावरवाला
बाई, इतकं कायले लिहून राह्यल्या? पोरगं पास हाय का नापास, तेवढं सांगा ना. माहा पोरगा तिसरीत हाय. त्याच्या कागदावर दोन झरे अन् तीन पर्वत. शेजारच्याच्या पोरीले चार आकाश. मंग ते पह्यली अन् हा मांगं, असंच न?

हिशेबनीस
वावरवाल्यांचा प्रश्न रास्त आहे. पालकाला आकडा लागतो. सोपा उपाय सांगतो. झऱ्याला १, पर्वताला २, आकाशाला ३ धरा. सत्रातल्या सगळ्या नोंदींची सरासरी काढा, तिला ३ ने भागा आणि शंभराने गुणा. आली टक्केवारी. पत्रात एवढं एक वाक्य लिहिलं की पान संपलं. नाहीतरी शाळेला अ-१, अ-२, ब-१ अशी श्रेणी द्यावीच लागते, तीही यातूनच निघेल.

डस्टर
हिशेबनीस, दोन मुलं घ्या. दोघांच्या वाचनाच्या चार-चार नोंदी आहेत. पहिल्याच्या क्रमाने झरा, झरा, पर्वत, पर्वत. दुसऱ्याच्या पर्वत, पर्वत, झरा, झरा. तुमच्या रीतीने दोघांची सरासरी १.५ आणि टक्के ५०. पहिलं मूल वाचायला लागलंय. दुसऱ्याचं काहीतरी अडलंय: डोळे, कान, घरची दगदग, नाहीतर महिनाभराची गैरहजेरी. पत्रक ज्यासाठी केलं तीच बातमी तुमच्या आकड्यात बुडाली.

दुसरं असं की झऱ्यावरून पर्वतावर जायला अक्षरं जुळवता यावी लागतात. पर्वतावरून आकाशावर जायला दोन वाक्यांचा संबंध जोडता यावा लागतो. ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींना एकेक गुण दिला म्हणून ती सारखी होत नाहीत.

श्रेणीचा रस्ता वेगळा आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला वर्गात रोज चालणाऱ्या आकारिकला ७० आणि सत्राच्या शेवटच्या संकलितला ३० भार, तिसरी-चौथीला ६० आणि ४०. ते गुण त्यांच्या-त्यांच्या साधनांमधून येतात आणि त्यावरून श्रेणी ठरते. झरा-पर्वताचे आकडे करून तिकडे टाकू नका. तसं केलं की पुढे शिक्षक आधी श्रेणी ठरवतो आणि मग तिला शोभेल असा स्तर भरतो.

एक मात्र तुमचं बरोबर आहे. स्तर कसा ठरला याचा नियम पत्रात हवा. तो नसला तर पालकाला वाटतं, बाईंना वाटलं म्हणून लिहिलं.

वावरवाले, तुमच्या मुलाबद्दल सांगतो. आकाश मोजायचे नसतात. त्याचे दोन झरे कोणत्या ओळींत आहेत ते पाहा. एक झरा वाचनात असेल तर घरी आज करण्यासारखं काम आहे. चित्रकलेच्या ओळीत असेल तर इतक्यात काळजी नको. शेजारच्या मुलीचे चार आकाश तुम्हाला तुमच्या मुलाबद्दल काहीच सांगत नाहीत.

वावरवाला
वाचनात एक हाय. दुसरा ‘गटात काम करणे’ म्हणून हाय. ते ठीक हाय, घरी बी कोनाचं आयकत नाही.

दुसरीच्या बाई
पऱ्हाटी, पत्राआधी तुमची ओळच दुरुस्त करावी लागेल. पर्वताच्या रकान्यात चार गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत: उताऱ्याची लांबी, स्वतः वाचणं, स्पष्ट उच्चार आणि उत्तरं देणं. एखादं मूल अडखळत वाचतं पण सगळं समजून सांगतं. दुसरं धडधड वाचतं आणि काय वाचलं विचारलं की गप्प. दोघांना कुठे बसवाल? अशा वेळी शिक्षक अंदाजाने मधला रकाना भरतो. वर्गातली बरीचशी मुलं पर्वतावरच दिसली तर समजा की रकाना बिघडलाय.

ओळ फोडा. एक ‘अक्षर-शब्द वाचणे’, दुसरी ‘वाचलेले समजणे’. उच्चार दोन्हींतून काढा.

पऱ्हाटी
फोडली तर ओळी वाढतील. आधीच भाषेच्या पाच आहेत.

दुसरीच्या बाई
लिहिताना दोन्ही हात मोडतात हे खरं. मग ‘हस्ताक्षर’ आणि ‘नीटनेटकेपणा’ एकत्र करा, तिथे कोणाचं काही अडत नाही.

डस्टर
ओळ फोडण्याला माझंही अनुमोदन. वेगाबद्दल एक. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत मोहिमेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचणं अपेक्षित आहे. ते वर्षाच्या शेवटचं माप आहे. ऑक्टोबरात ते लावून मुलाला झऱ्यावर ठेवू नका आणि पालकांच्या पत्रात तो आकडा तर नकोच. आकडा दिला की घरी घड्याळ लावून वाचून घेतात, आणि मूल समजणं सोडून धावायला लागतं.

आता पत्राकडे. ‘क्षमताधिष्ठित’ वगैरे जाऊ द्या. एक उतारा, एक प्रश्न आणि त्याची तीन उत्तरं पत्रात छापा. पालकाला तिन्ही रकाने तिथेच दिसतील. तुम्ही कोणता उतारा घेतला होता?

पऱ्हाटी
पोळ्याच्या सुमाराला घेतलेला:

“उद्या पोळा. सदूने दोन्ही बैल ओढ्यावर नेले. मोठा बैल सरळ पाण्यात उतरला. धाकटा काठावरच थांबला आणि मागे सरकला. सदूने कासरा ओढला नाही. त्याने ओंजळीत पाणी घेतले आणि धाकट्याच्या पाठीवर हळूच सोडले. धाकट्याने कान हलवले. मग तो एक पाऊल पुढे आला.”

प्रश्न विचारला होता: पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल का धुतात? वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी उत्तर दिलं. म्हणून बऱ्याच जणांना आकाश मिळालं.

डस्टर
उतारा छान, प्रश्न फसवा. आपल्याकडच्या पोराला हे उतारा न वाचताही येतं. ‘सायंकाळी खांद शेकायची असते’ असं सांगून ते मोकळं होईल. तुम्ही वाचन तपासलं नाही, घरचं ज्ञान तपासलं. ते ज्ञान मोलाचं आहे, पण या ओळीत त्याची नोंद नको.

ओळखायची युक्ती अशी. ज्याने उतारा पाहिलेलाच नाही अशा एखाद्या मुलाला तोच प्रश्न विचारा. त्याला उत्तर आलं तर प्रश्न बाद. याच उताऱ्यावर विचारा: “सदूने कासरा का ओढला नाही?” हे उताऱ्यात कुठेही सरळ लिहिलेलं नाही. मूल मागे सरकण्याचं वाक्य आणि पाणी हळूच सोडण्याचं वाक्य जोडेल तेव्हाच उत्तर निघेल. वर “तुला हे कशावरून कळलं, बोट ठेव” म्हणा. बोट बरोबर वाक्यावर गेलं तर आकाश. नुसतं गोड उत्तर दिलं आणि बोट कुठेच गेलं नाही, तर दुसऱ्या उताऱ्यावर पुन्हा पाहा.

पऱ्हाटी
काल नवीन प्रश्न विचारला. आकाशावरचे निम्म्याहून जास्त खाली आले. आता पत्र लिहायला हुरूप आला, पण पालक विचारतील की पोळ्याला आकाश होतं ते दिवाळीला कसं गेलं.

दुसरीच्या बाई
पत्रक अजून दिलं नाही ना? मग जुनी नोंद खोडू नका. शेजारी ‘प्रश्न बदलून पुन्हा पाहिले’ एवढं लिहा आणि नव्या नोंदीवर स्तर ठरवा. पत्रकात अखेरचा ठरलेला स्तरच जातो.

तांड्यावरून
एक राहिलंय. आमच्या शाळेत अर्धी मुलं घरी गोरमाटी बोलतात, बाकीची वऱ्हाडी. मूल ‘पाठीवर पाणी सोडले’ हे ‘पाठीवर पानी सोडलं’ वाचतं, ‘त्याला’चं ‘त्याले’ करतं. वाचलेलं सगळं समजतं. काही शिक्षक ‘अशुद्ध वाचतो’ म्हणून त्याला झऱ्यावर ठेवतात आणि बापाला वाटतं पोराला वाचताच येत नाही.

डस्टर
समजण्याच्या ओळीत तो दोष धरूच नका. उत्तरही त्याने घरच्या बोलीत दिलं तरी चालतं, तुम्हाला ती बोली कळत असली म्हणजे झालं. शब्द वाचण्याच्या ओळीत एक फरक मी पाहतो. मूल दर वेळी ‘ला’चं ‘ले’ करत असेल तर ते अक्षर ओळखून आपल्या तोंडात घालतंय. पण ‘कासरा’च्या जागी ‘कापूस’ म्हणालं, म्हणजे अर्थच बदलला, तर ते पहिलं अक्षर पाहून अंदाज करतंय. त्याला मदत हवी.

हिशेबनीस
इथे मी सहमत नाही. पुस्तकात ‘त्याला’ छापलंय. मुलाने ‘त्याले’ वाचलं तर छापलेलं वाचलं नाही. चौथीत लिहिताना हेच ‘ले’ वहीत उतरतं. तेव्हा लाल शाई मारण्यापेक्षा आताच नोंद केलेली बरी.

तांड्यावरून
नोंद करा, पण त्यावरून स्तर खाली नको.

हिशेबनीस
मग नोंदीला अर्थ काय? ज्या रकान्यावर परिणाम होत नाही ती नोंद कोणी वाचत नाही.

दुसरीच्या बाई
दोघंही लिहिण्याच्या ओळीत भांडा. पत्र वाचनावर आहे.

वावरवाला
माह्या साळ्याच्या पोराचं नवोदयचं हाय. पाचवीत हाय तो. हे झरे-पर्वत पाहून त्याले तिथं घेतीन का?

डस्टर
नवोदयची सहावीची निवड त्यांच्या स्वतःच्या चाचणीवर होते, हे पत्रक तिथे मोजलं जात नाही. दुसऱ्या शाळेत नाव घालायचं असेल तर श्रेणीचं पत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला लागेल. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे पऱ्हाटींचं पत्र राहून जाईल.

पऱ्हाटी
सगळ्यांचं ऐकून नव्याने लिहिलं. जमलं का सांगा.

“प्रिय आई-बाबा,

सोबत आपल्या मुलाचं पहिल्या सत्राचं पत्रक आहे. त्यात तीन शब्द दिसतील: झरा, पर्वत, आकाश. हे नंबर नाहीत आणि पास-नापासही नाही. त्या कामात मूल आज कुठवर आलं आहे, ते यातून कळतं.

‘वाचलेले समजणे’ ही ओळ कशी भरली ते सांगते. मुलांनी पोळ्याचा एक लहान उतारा वाचला. सदू दोन बैल ओढ्यावर नेतो. धाकटा बैल मागे सरकतो. सदू कासरा ओढत नाही, ओंजळीने त्याच्या पाठीवर पाणी सोडतो. आम्ही विचारलं, सदूने कासरा का ओढला नाही?

एक मूल चित्र पाहून म्हणालं, ‘बैल हाय, पाणी हाय.’ हा झरा. त्याला अजून कोणीतरी सोबत बसून वाचायला हवं.

दुसरं म्हणालं, ‘धाकटा बैल मागं सरकला.’ त्याने स्वतः वाचलं आणि बरोबर वाक्य शोधलं, पण ‘का’चं उत्तर आलं नाही. हा पर्वत.

तिसरं म्हणालं, ‘त्याले पाण्याचं भेव वाटत होतं. वढलं असतं तं अजून भेला असता.’ आणि ज्या वाक्यावरून कळलं त्यावर बोट ठेवलं. हे आकाश.

मुलाने वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उताऱ्यांवर, मदतीशिवाय दोनदा तसं करून दाखवलं की आम्ही तो स्तर लिहितो. एकदाच जमलं तर लिहीत नाही. जुलैमधल्या नोंदी आताच्या नोंदीत मिसळून सरासरी काढत नाही. जुलैमध्ये मूल कुठे होतं, ते पत्रकात शेजारी लहान अक्षरात दिलं आहे.

प्रत्येक ओळ वेगळी वाचा. मूल गणितात आकाशावर आणि वाचनात झऱ्यावर असू शकतं. किती आकाश मिळाले ते मोजू नका आणि दुसऱ्या मुलाच्या पत्रकाशी ताडून पाहू नका.

शेवटच्या पानावर ‘घरी काय दिसतं’ अशी जागा आहे. मूल दुकानाची पाटी, बियाण्याच्या पिशवीवरचं नाव किंवा मोबाइलवरचा निरोप वाचून सांगतं का, तेवढं लिहा किंवा आम्हाला तोंडी सांगा. आम्ही लिहून घेऊ.

आपली,
वर्गशिक्षिका”

दुसरीच्या बाई
छान उतरलं. एकच बदल. ‘एक मूल चित्र पाहून म्हणालं’ हे गावात लगेच ओळखलं जाईल. पटसंख्या बारा असेल तर तो कोणाचा पोरगा हे घरोघरी कळेल. ‘एखादं मूल म्हणेल’ असं करा, तिन्ही ठिकाणी.

पऱ्हाटी
पट चौदा. बदलते.

डस्टर
पत्रकातच ‘झरा’ शब्दाखाली पुढचं पाऊल लिहिलं पाहिजे, पत्रात सांगून भागणार नाही. ‘अधिक सराव आवश्यक’ असं लिहू नका, त्यातून घरी कोणालाच काही करता येत नाही. असं लिहा: ‘रोज पाच ओळी आपण वाचाव्या, मुलाने बोट फिरवावं, मग “कोणी काय केलं” एवढं विचारावं.’ घरात वाचणारं कोणी नसेल तर मोठ्या भावा-बहिणीचं नाव घाला. पर्वतावरच्या मुलासाठी ‘कोणी’ऐवजी ‘का’ विचारा. ओळीतली झेप जिथे आहे तिथलंच काम घरी द्यायचं.

दुसरं, वेचणीच्या दिवसांत पालकसभा दुपारी ठेवलीत तर कोणी येणार नाही. सायंकाळी ठेवा आणि पत्र मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांना यायला जमणार नाही त्यांच्यासाठी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पत्र आवाजात टाका, तीन मिनिटांत होतं. फक्त पत्रच टाका. कोणाचंही पत्रक गटावर नको.

तांड्यावरून
दिवाळीनंतर आमच्याकडची काही कुटुंबं ऊसतोडीला जातात. मूल दुसऱ्या शाळेत गेलं तर तिथल्या बाईंना ‘झरा’ म्हणजे काय ते कसं कळणार? त्यांच्या तक्त्यात नावंही वेगळी असू शकतात.

डस्टर
म्हणून स्तरापुढे तारीख आणि एक ओळ पुरावा हवा. ‘१० ऑक्टोबर, नवा उतारा, दोन वाक्यं स्वतः वाचली, जोडाक्षराला थांबला.’ नाव कोणतंही असो, ही ओळ कोणत्याही शाळेत कळते. दोन शाळांचे स्तर मात्र एकमेकांशी ताडता येत नाहीत, तसं पत्रातही कुठे सुचवू नका.

तुम्ही दोघं शिक्षक आहात, तर अजून एक करा. पाच मुलांचं वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि दोघांनी वेगवेगळे स्तर लिहा, एकमेकांचं न पाहता. दोन ठिकाणी जुळलं नाही तर मुलांपेक्षा रकान्याचं वाक्य तपासा.

पऱ्हाटी
केलं. पाचपैकी तीन जुळले. न जुळलेल्या दोघांत एक मूल ‘त्याले’ वाचणारं. सरांनी झरा दिला, मी पर्वत.

हिशेबनीस
बघा.

तांड्यावरून
बघा काय? उत्तर बरोबर दिलं का त्याने?

पऱ्हाटी
दिलं, बोटही बरोबर ठेवलं. शब्द वाचण्याच्या ओळीत वाद आहे, समजण्याच्या नाही. त्या एका ओळीपुढे सध्या दोघांचं म्हणणं लिहून ठेवलंय. उद्या केंद्राच्या बैठकीत तक्ता नेते. वावरवाले, तुमच्या मुलाच्या वाचनाच्या झऱ्याखाली काय लिहिलंय?

वावरवाला
‘अधिक सराव आवश्यक.’